नाकावरची पुटकुळी आणि हरळीची मुळी

१९८५ सालच्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वॉशिंग्टनमधले बातमीदार एका माणसाच्या नाकाकडे टक लावून बसले होते. ते नाक अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचं होतं. जुलैमध्ये त्यांच्या मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया झाली होती, तेव्हा नाकातून नळी घातली होती आणि ती चिकटपट्टीनं नाकाला धरून ठेवली होती. आता त्याच नाकावर एक बारीकशी जखम दिसत होती. व्हाइट हाउसमधून आधी सांगण्यात आलं, की चिकटपट्टीमुळे कातडी चिडली आणि तिथला थोडा भाग काढून टाकला. काढलेला तुकडा तपासणीला गेला तेव्हा त्यावर राष्ट्राध्यक्षांचं नाव नव्हतं, एका स्त्रीचं नाव घातलेलं होतं. ५ ऑगस्टला रेगननी स्वतःच बातमीदारांना खरं काय ते सांगितलं. ती कातडीच्या कर्करोगाची गाठ होती, बेसल सेल कार्सिनोमा. पुटकुळी समजून आपण ती पिळली, खरवडली आणि आणखी बिघडवून घेतली, हेही त्यांनी कबूल केलं.

ऑक्टोबरमध्ये, म्हणजे दोनच महिन्यांनी, त्याच नाकावर डॉक्टरांना पुन्हा कापावं लागलं. १९८७ साली तिसऱ्यांदा.

जगातली उत्तमातली उत्तम डॉक्टरमंडळी ज्याच्या दाराशी उभी आहेत, त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसालाही ही पुटकुळी पुटकुळीच वाटली. आपल्याकडे तर ती आरशात दिसूनही वर्षानुवर्षं तशीच राहते. दाढी करताना पातं लागलं म्हणून रक्त आलं असेल, चष्म्याची दांडी घासत असेल, उष्णता झाली असेल, टॉवेलनं जोरात पुसलं असेल, अशी कारणं सापडत जातात. खपली धरते, पडते, पुन्हा धरते. दुखत काहीच नाही. जे दुखत नाही त्यासाठी दवाखान्याची पायरी कोण चढतो? या दुखण्याचा इतिहास वाचताना मला सारखं जाणवत राहिलं, की ते दिसतं सर्वांना आणि ओळखतो एखादाच. ओळखल्यावरही जेवढं दिसतं तेवढंच कापलं, तर ते उरतं. पहिली गोष्ट डब्लिनच्या एका डॉक्टरनं सांगितली. दुसरीवर उपाय काढायला आणखी शंभरावर वर्षं गेली.

डब्लिनचे ते डॉक्टर म्हणजे आर्थर जेकब. डोळ्यांचे डॉक्टर आणि शरीररचनेचे शिक्षक. त्यांचा हात विलक्षण बारीक चालायचा. डोळ्याच्या पडद्यातला एक अतिशय तलम थर त्यांनी १८१९ साली वेगळा करून दाखवला होता आणि पुढं कितीतरी वर्षं तो थर ‘जेकबचा पडदा’ म्हणूनच ओळखला गेला. मोतीबिंदूसाठी लागणारी सुई ते साध्या शिवणाच्या सुईला बाक देऊन बनवायचे. अशा माणसापुढं पापण्यांवर आणि गालावर चिघळलेले व्रण घेऊन म्हातारी माणसं येत, तेव्हा त्यांना त्या व्रणात इतरांना न दिसलेलं काही दिसलं. १८२७ साली ‘डब्लिन हॉस्पिटल रिपोर्ट्स’मध्ये त्यांनी त्यावर एक निबंध लिहिला.

त्या काळी चेहऱ्यावरचं कुठलंही चिघळलेलं, न भरणारं दुखणं एकाच टोपलीत टाकलं जाई. कुणी त्याला कर्करोग म्हणे, कुणी उपदंशाचा व्रण, कुणी कातडीचा क्षय. जेकबनी यातला एक व्रण निवडून बाजूला काढला. तो कमालीच्या संथपणे वाढतो, वर्षांमागून वर्षं घेतो. त्याच्या कडा उचललेल्या, गुळगुळीत, चकचकीत असतात आणि नागमोडी फिरतात. दुखणं जवळजवळ नसतं. रोगी खातोपितो, हिंडतो-फिरतो, अंगानं झडत नाही. मानेतल्या किंवा जबड्याखालच्या गाठींना तो हात लावत नाही. आणि मलमं, पोटिसं, औषधं काहीही केलं तरी बरा होत नाही, मुळापासून काढून टाकला तरच जातो.

जेकबच्या काळात पेशीचा सिद्धांतसुद्धा मांडला गेलेला नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली गाठीचा तुकडा धरून निदान करायची रीत नव्हती. नुसत्या डोळ्यांनी आणि बोटांनी त्यांनी हे केलं. आजही त्वचारोगतज्ज्ञ हा रोग ओळखताना याच खुणा शोधतात. पुढं त्याला जेकबचा व्रण म्हणू लागले, मग ‘रोडंट अल्सर’ हे नाव रूढ झालं, म्हणजे उंदरासारखा कुरतडत जाणारा व्रण. नाव अगदी नेमकं आहे. उंदीर एका घासात पोतं संपवत नाही, कोपऱ्यातून कुरतडत राहतो. हा व्रणही तसाच नाकाच्या पाकळीत, पापणीच्या कडेत, कानाच्या पाळीत शिरत जातो. कुणी हटकलं नाही तर खालची कूर्चाही पोखरतो आणि हाडापर्यंत पोचतो.

ती चकाकी येते कुठून, हे समजून घेण्यासारखं आहे. आपल्या कातडीचा वरचा पापुद्रा कागदासारखा पातळ असतो. त्याच्या तळाशी पेशींची एक रांग असते. तिच्यातून नव्या पेशी जन्मतात आणि वर सरकत सरकत शेवटी कोंडा होऊन झडतात. या रोगात त्या तळरांगेसारख्या दिसणाऱ्या पेशी वर सरकायचं सोडून खाली उतरतात आणि कातडीच्या आत गोल गोल पुंजके करून राहतात. पुंजक्यांभोवती चिकट, बुळबुळीत द्रव्य साचतं. वर पातळ ताणलेला पापुद्रा आणि खाली हे अर्धपारदर्शक पुंजके, म्हणून उजेड पडला की मोत्यावर दिसते तशी दुधट झाक दिसते. दोन बोटांनी आजूबाजूची कातडी ताणून धरली की ही झाक जास्त उठून दिसते आणि कडेला मण्यांची माळ ओवल्यासारखी उंच किनार नजरेला पडते. डॉक्टर तपासताना हेच करतात.

रक्त येण्याचं कारणही तिथंच आहे. पुंजक्यांना पोसण्यासाठी नव्या रक्तवाहिन्या फुटतात. त्या धड घडलेल्या नसतात. भिंती पातळ, आकार फुगलेला, आणि झाडाच्या फांद्यांसारख्या फाटे फोडत त्या गाठीच्या पाठीवरून पसरतात. नीट पाहिलं तर चकचकीत उंचवट्यावर लाल धाग्यांचं जाळं दिसतं. त्यांच्यावर कातडीचं पांघरूण नावापुरतं असतं, त्यामुळे साबण चोळला, टॉवेल फिरवला, उशीला गाल घासला एवढ्यावर रक्त झिरपतं. मग खपली धरते. साध्या जखमेत खपलीखाली कडेकडून नवी कातडी सरकत येते आणि मध्यभागी मिळते. इथं खाली पुंजके वाढतच असतात, त्यामुळे नव्या कातडीला पाय ठेवायला निरोगी जागा मिळत नाही. थोडी जागा भरते, रोग्याला हायसं वाटतं, खपली पडते आणि खाली तोच ओला खड्डा असतो. ‘बरं झालं होतं, परत चिघळलं’ हे वाक्य डॉक्टरांना या रोगात फार ऐकायला मिळतं. पुटकुळी दोनतीन आठवड्यांत बसते. ही बसत नाही.

या पेशींची ओळख पटवायला आणखी पाऊण शतक गेलं. बुडापेस्टचे विकृतिशास्त्रज्ञ एडमंड क्रोम्पेखर यांनी १९०० आणि १९०३ मध्ये दाखवून दिलं, की हे पुंजके कातडीच्या तळरांगेतल्या, म्हणजे बेसल पेशींसारख्या पेशींचे आहेत आणि कातडीच्या दुसऱ्या कर्करोगापेक्षा ही जात वेगळी आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पुंजक्याच्या कडेच्या पेशी कुंपणाच्या खुंटांसारख्या ओळीनं उभ्या दिसतात. रोगाचं आजचं नाव तिथून आलं. साधारण त्याच सुमारास, १८९९ साली, स्टॉकहोममध्ये थोर स्टेनबेक यांनी नाकावरच्या अशा एका रोग्यावर नव्यानं सापडलेल्या क्ष-किरणांचा उपचार करून रोग घालवला. क्ष-किरणांनी बरे झालेल्या अगदी पहिल्या कर्करोगांत ही जात होती. शस्त्रक्रिया सोसणार नाही अशा वृद्धांना आजही किरणोपचार देतात.

ऊन हे याचं मोठं कारण, हेही त्याच काळात उमगायला लागलं होतं. हँबुर्ग बंदरातल्या खलाशांच्या रापलेल्या, सुरकुतलेल्या कातडीवर असे रोग जास्त दिसतात, हे पॉल उन्ना यांनी १८९४ साली लिहून ठेवलं. गोऱ्या कातडीला उन्हातले अतिनील किरण थेट भिडतात, म्हणून युरोपीय वंशाच्या लोकांत हा सगळ्यांत जास्त आढळणारा कर्करोग आहे, आणि तो डोक्या-चेहऱ्यावर जास्त होतो.

यानंतर उरतो तो कापण्याचा प्रश्न. रोग मुळापासून काढावा लागतो, हे जेकबनी सांगितलं होतं. पण मूळ दिसतं कुठं? लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलचे शल्यविशारद चार्ल्स मूर यांनी १८६७ साली याच कुरतडणाऱ्या कर्करोगावर छायाचित्रांसह एक पुस्तक काढलं. अपुरं कापलं की कर्करोग परत येतो, हा मुद्दा त्यांनी ठासून मांडला. कापणाऱ्याच्या हातात मात्र दोनच वाटा असत. थोडं कापलं तर रोग उरायचा. भरपूर कापलं तर रोग जायचा आणि त्याबरोबर नाकही जायचं.

आपल्याकडं शेतात हरळी माजते. वरून पाहिली तर हिरवी गादी, आणि खाली मुळ्या सगळीकडं धावलेल्या असतात. खुरपं घालून वरची उपटली, रान स्वच्छ दिसलं, पाऊस पडला की पंधरा दिवसांत हरळी पुन्हा डोकं वर काढते. कुठली मुळी कुठवर गेली आहे, हे बांधावर उभं राहून सांगता येत नाही. बेसल सेलचंही तसंच असतं. वरून आठ मिलिमीटरचा मणी दिसतो, खालून एखादी फांदी नाकाच्या पाकळीकडं चार मिलिमीटर पुढं गेलेली असते. ही फांदी शोधायची कशी, याचं उत्तर काढलं ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्यानं.

त्याचं नाव फ्रेडरिक मोझ. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तो मॅडिसनमध्ये मायकेल गायर या प्राणिशास्त्रज्ञाच्या हाताखाली मदतनीस होता. उंदरांच्या गाठींमध्ये निरनिराळी दाहक द्रव्यं टोचायची आणि काय होतं ते पाहायचं, असं काम चाललं होतं. झिंक क्लोराइडचं द्रावण टोचलं तेव्हा ऊतक मेलं, पण त्याची काप सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर पेशी जशाच्या तशा दिसत होत्या, जणू काही फॉर्मेलिनच्या बाटलीत घालून ठेवल्या आहेत. ऊतक शरीरातून काढायच्या आधीच जागच्या जागी टिकून राहिलं होतं. मोझच्या मनात आलं, की असं ऊतक थराथरानं कापून काढता येईल आणि प्रत्येक थराच्या खालच्या बाजूला रोग उरला आहे का, हे पाहता येईल. रोग आहे तिथंच पुढं कापायचं, नाही तिथं थांबायचं.

द्रावण हवं तिथं धरून राहावं म्हणून त्यानं लेप केला. स्टिब्नाइट या खनिजाची भुकटी ४० ग्रॅम, ब्लडरूट या अमेरिकन रानझाडाच्या मुळांची पूड १० ग्रॅम आणि संपृक्त झिंक क्लोराइड ३४.५ मिलिलिटर. १९३६ पासून तो रोग्यांवर उपचार करू लागला. रोग्याच्या नाकावरच्या जखमेवर आधी आम्ल लावायचं, म्हणजे कातडीचं टणक आवरण लेपाला आडवं येत नाही. मग लेप थापायचा, वर पट्टी बांधायची आणि रोग्याला घरी पाठवायचं. रात्र वेदनेत जायची, चेहरा सुजायचा. दुसऱ्या दिवशी लेपानं मारलेला थर बशीच्या आकारात कापून काढायचा. त्या वेळी ना दुखायचं ना रक्त यायचं, कारण कापला जात असलेला थर मेलेला असायचा. थराचे तुकडे करायचे, कडांना वेगवेगळे रंग लावायचे, कागदावर जखमेचा नकाशा काढायचा, तुकडे गोठवून खालच्या बाजूनं आडव्या काप घ्यायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. एका कोपऱ्यात रोग दिसला की नकाशावर तिथं खूण करायची आणि फक्त तेवढ्याच जागी पुन्हा लेप. असे कधी दोन दिवस, कधी आठवडा. शेवटचा मेलेला थर काही दिवसांनी आपोआप गळून पडे आणि खाली लालबुंद निरोगी मांस दिसे.

१९४१ साली मोझनी ४४० रोग्यांचा अहवाल शल्यचिकित्सेच्या मासिकात छापला. शल्यविशारदांना तो रुचला नाही. कर्करोगावर लेप लावणं हे काम भोंदूंचं समजलं जाई, आणि त्याला कारणही होतं. १८५० च्या दशकात फेल नावाच्या एका अमेरिकन डॉक्टरनं लंडनमध्ये ब्लडरूट आणि झिंक क्लोराइडचाच लेप वापरून मोठी खळबळ उडवली होती, तीसुद्धा मूर यांच्या त्याच मिडलसेक्स हॉस्पिटलात. मोझचा लेप नवा नव्हता. नवा होता तो लेपामागचा सूक्ष्मदर्शक आणि नकाशा. हा फरक ज्यांना कळला नाही त्यांनी मोझना नाकारलं, आणि ज्यांना कळूनही वळला नाही ते आजही ‘ब्लॅक साल्व्ह’ नावानं तसलाच लेप विकतात. तो लेप रोग कुठवर गेला आहे ते पाहत नाही. वरची कातडी जाळतो, व्रण बंद होतो, आणि त्या पांढऱ्या डागाखाली पुंजके वाढत राहतात.

पुढचं वळण एका चित्रपटामुळं आलं. १९५३ साली आपली पद्धत दाखवणारा शिक्षणपट मोझ तयार करत होते आणि रोग पापणीवर होता. लेप लावून दुसऱ्या दिवसाची वाट पाहत बसलं तर चित्रीकरण रखडतं. म्हणून त्यांनी पुढचा थर लेपाशिवाय, भूल देऊन ताजाच कापला, गोठवला आणि पाहिला. काम तेवढंच नीट झालं. पापणीसाठी ते मग अशीच रीत वापरू लागले, पण लेप पूर्ण सोडला नाही. तो सोडायचं धाडस सॅन फ्रान्सिस्कोच्या थिओडोर ट्रॉमोविच यांनी केलं. १९७४ साली त्यांनी सॅम्युएल स्टेगमन यांच्याबरोबर ताज्या ऊतकाच्या पद्धतीचे निकाल छापले आणि आठवड्याचं काम एका सकाळीत बसलं.

आज ही शस्त्रक्रिया कशी चालते, ते एका रोग्याच्या बाबतीत पाहू. साठीच्या बाई, नाकाच्या उजव्या पाकळीवर आठ मिलिमीटरचा मणी, मध्ये खड्डा, दोन वर्षांपासून. आधी बायोप्सीनं निदान झालेलं आहे. जागा बधिर करणारं इंजेक्शन देऊन सर्जन दिसणारी गाठ काढतात. मग तिच्याभोवती आणि तळाशी एकदोन मिलिमीटर जाडीचा, बशीसारखा थर तिरपं पातं धरून कापतात. कातडीवर बारीक रेघा ओढून ठेवलेल्या असतात, म्हणजे तुकडा कुठल्या बाजूचा हे विसरत नाही. घड्याळाच्या तबकडीसारखा नकाशा काढतात, वर बारा, खाली सहा. कडांना निळा, लाल रंग. तुकडा दाबून चपटा करतात, त्यामुळे त्याची बाजू आणि तळ एकाच पातळीत येतात. मग गोठवून तळाकडून काप घेतात. बाई पट्टी बांधून बाहेर चहा पीत बसतात. तासाभरात उत्तर येतं: बाकी सगळं स्वच्छ, पण चार वाजण्याच्या जागी रोगाच्या पेशींची एक बारीक फांदी आहे. सर्जन फक्त चार वाजण्याच्या ठिकाणी आणखी एक पातळ थर काढतात. पुन्हा तासभर. या वेळी काही नाही. मगच जखम शिवतात.

नेहमीच्या पद्धतीत काढलेली गाठ पॅथॉलॉजीला जाते आणि तिथं ती पावासारखी उभी कापतात. दोन कापांच्या मधली जागा कुणी पाहत नाही. सगळ्या कडेचा जेमतेम शंभरावा-पन्नासावा भाग नजरेखालून जातो. चार वाजण्याची फांदी दोन कापांच्या मधे पडली तर अहवालात ‘कडा मोकळ्या’ असं लिहून येतं, आणि तीन वर्षांनी टाक्यांच्या वणाला लागून पुन्हा चकचकीत मणी उगवतो. मोझ पद्धतीत बशीचा सगळा तळ आणि सगळी कड पाहिली जाते. पहिल्यांदाच झालेल्या रोगात पाच वर्षांत तो परत येण्याचं प्रमाण या पद्धतीनं शंभरात एकाच्या आसपास राहतं. साध्या पद्धतींत ते शंभरात पाच ते दहापर्यंत जातं.

याचा अर्थ प्रत्येकाला मोझ हवंच, असं नाही. पाठीवर, दंडावर, स्पष्ट कडांची लहान गाठ असली तर भोवतीची चार मिलिमीटर निरोगी कातडी घेऊन कापलं तरी बहुतेक वेळा काम होतं. डोळ्यांभोवती, नाकावर, ओठांजवळ, कानावर, किंवा एकदा कापून परत आलेल्या रोगात मात्र त्या सूक्ष्मदर्शकाचं मोल फार आहे, कारण तिथं मिलिमीटरला किंमत असते. शिवाय हे काम सर्जन आणि पॅथॉलॉजिस्ट दोघांचं ज्ञान एकाच माणसाकडं असेल तरच नीट होतं. आपल्याकडं असे शिकलेले डॉक्टर मोजके आहेत आणि मोठ्या शहरांतच आहेत.

आपल्या कातडीचा विषय इथंच यायला हवा. गव्हाळ-सावळ्या कातडीतलं रंगद्रव्य उन्हाला अडवतं, म्हणून भारतात हा रोग गोऱ्या देशांच्या मानानं खूपच कमी दिसतो. होतो तेव्हा तो पुस्तकातल्या गुलाबी मोत्यासारखा बहुधा नसतो. पुंजक्यांत रंगद्रव्य साचतं, त्यामुळे गाठ तपकिरी किंवा काळीभोर, शाईचा थेंब सुकल्यासारखी दिसते. घरात सगळे म्हणतात तीळ आहे, चामखीळ आहे. तिच्यातसुद्धा दोन बोटांनी कातडी ताणली की कडेची चकचकीत मण्यांची किनार बहुधा सापडते, आणि मध्ये खपली धरलेला खड्डा असतो. साधा तीळ खपली धरत नाही आणि स्वतःहून रक्तही गाळत नाही. जन्मतःच अंगात रंगद्रव्य नसलेली माणसं आपल्या गावांतही आहेत. त्यांना हा धोका तरुणपणातच असतो, आणि उन्हापासून जपणं त्यांच्या बाबतीत फार आधीपासून सुरू व्हायला हवं.

चामखीळ म्हटली की आपल्याकडे उपायांना तोटा नाही. चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावतात, बिब्बा उतवून त्याचा थेंब ठेवतात, घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधतात, ब्यूटीपार्लरमध्ये जाळतात. बेसल सेलवर यातलं काहीही केलं, की जे ब्लॅक साल्व्हनं होतं तेच होतं. वरचा भाग जळतो, डाग पडतो, घरच्यांना वाटतं गेलं, आणि खालची मुळी पाकळीकडं, पापणीकडं सरकत राहते. वर्षादोन वर्षांनी माणूस डॉक्टरकडे येतो तेव्हा आठ मिलिमीटरचं काम अडीच सेंटिमीटरचं झालेलं असतं, आणि मग नाकाची पाकळी कपाळाच्या कातडीनं बांधून काढावी लागते.

एक गोष्ट मात्र रोग्याला धीर देणारी आहे, आणि ती जेकबनी तेव्हाच ओळखली होती. हा रोग सहसा फुप्फुसात, यकृतात, हाडांत पसरत जात नाही. असं घडणं अगदी विरळा, बहुधा वर्षानुवर्षं सोडून दिलेल्या मोठ्या गाठींतच. म्हणून ‘कॅन्सर’ हा शब्द ऐकून अंथरूण धरायचं कारण नाही. त्याचबरोबर ‘जीवाला धोका नाही’ म्हणून चार वर्षं थांबलं तर डोळा, नाक, कान त्याची किंमत मोजतात.

तेव्हा एवढंच करा. घरातल्या मोठ्या माणसांच्या चेहऱ्याकडं सकाळच्या उजेडात एकदा नीट पाहा. नाकावर, डोळ्याखाली, कानाजवळ, कपाळावर एखादा चकचकीत उंचवटा असेल, गुलाबी असो की काळा, अधूनमधून रक्त येत असेल आणि महिन्याभरात भरला नसेल, तर त्याला चुना, बिब्बा, मलम काही लावू नका. त्वचारोगतज्ज्ञांकडं न्या आणि तुकडा काढून तपासायला सांगा. शस्त्रक्रिया झाल्यावर पॅथॉलॉजीचा अहवाल हातात आला की एक ओळ शोधा आणि डॉक्टरांना विचारा: कडा मोकळ्या आहेत का, आणि तुम्ही त्या किती पाहिल्या?